रद्द तिकिटाचे पातळ काप

‘प्रवाशाला तिकीट ऑनलाइन रद्द करता यावं आणि त्याचे पैसे परत मिळावेत.’

वाचायला साधं वाटणारं हे वाक्य एखाद्या सॉफ्टवेअर टीमच्या बोर्डावर कार्ड म्हणून लागलं, की त्यामागे तीन-चार महिन्यांचं काम उभं राहू शकतं. अशा अवाढव्य कार्डाला टीममध्ये ‘एपिक’ म्हणतात. हिंजवडी, खराडी, ऐरोलीला नोकरीला जाणारं कुणी घरात असेल, तर एपिक, स्टोरी, स्प्रिंट हे शब्द फोनवरच्या बोलण्यातून तुमच्या कानावर पडलेच असतील. स्प्रिंट म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांचा टप्पा. स्टोरी म्हणजे त्या टप्प्यात आरामात पुरं होईल असं, वापरणाऱ्याच्या उपयोगाचं छोटं काम. आणि एका स्प्रिंटमध्ये कितीही कोंबलं तरी मावणार नाही, ते एपिक.

एपिक फोडलं पाहिजे हे सगळ्यांनाच मान्य असतं. पण ते कुठल्या रेषेवर फोडायचं, यावर काम पुरं होणार की तीन महिने नुसतं ‘चालू’ राहणार, हे ठरतं. ती रेषा दिसावी म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. कोल्हापूरहून पुण्याला आणि मुंबईला रात्रीच्या बस सोडणारी एक कंपनी आहे असं धरा. कंपनी कल्पित आहे, पण तिच्या अडचणी तिकीटविक्रीचं काम केलेल्या कुणालाही ओळखीच्या वाटतील. तिच्या ॲपवर तिकीट काढता येतं, पण रद्द करायचं तर कार्यालयात फोन करावा लागतो. फोन घेणाऱ्या हिशेबनीस बाई वहीत नोंद करतात आणि दुसऱ्या दिवशी पैसे परत पाठवतात. टीममध्ये चार डेव्हलपर, एक टेस्टर आणि काय आधी करायचं ते ठरवणारा एक प्रॉडक्ट ओनर.

अशी टीम पहिल्या बैठकीत हे एपिक बहुधा असं फोडते: डेटाबेसमध्ये रद्द तिकिटांची सोय करणं, वजावटीचे सगळे नियम लिहिणं, पेमेंट गेटवेला जोडणं, ॲपमधले स्क्रीन करणं, आणि शेवटी टेस्टिंग. पाच कार्डं, प्रत्येकाला एक मालक. ही वाटणी सुचते, कारण माणसं तशीच बसलेली असतात. डेटाबेस जाणणारा एक, स्क्रीन करणारी दुसरी. ज्याचं त्याला काम मिळतं आणि बैठक पंधरा मिनिटांत आटोपते.

पण या पाचांपैकी कुठलंही एक कार्ड पुरं झालं, तर प्रवाशाला काय मिळतं? काहीच नाही. चार पुरी झाली तरी काही नाही. शंभर किलोमीटरच्या रस्त्यावर आधी पूर्ण लांबीचं मातीकाम, मग पूर्ण लांबीची खडी, मग डांबर अशा क्रमाने काम काढलं, तर शेवटच्या महिन्यापर्यंत त्यावरून सायकलसुद्धा जात नाही. पहिले पाच किलोमीटर मातीपासून डांबरापर्यंत पुरे केले, तर तेवढ्या टप्प्यातल्या गावांची वाहतूक लगेच सुरू होते. आणि खडीखाली पाणी झिरपतं आहे हे पाचव्या किलोमीटरला कळतं, शंभराव्याला नाही.

आपल्या उदाहरणात झिरपणारं पाणी हे होतं. गेटवेमार्फत पैसे परत पाठवायचे, तर मूळ व्यवहाराला गेटवेने दिलेला क्रमांक सांगावा लागतो. डेटाबेसच्या कार्डावर काम करणाऱ्याने सगळी रचना कंपनीच्या स्वतःच्या बुकिंग क्रमांकावर उभी केली. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, कारण त्याच्या कार्डात गेटवेचा उल्लेखच नव्हता. गेटवेचं कार्ड घेतलेलीने तो क्रमांक डेटाबेसमध्ये असणारच असं धरून चालवलं. दोघांची कामं सहाव्या आठवड्यात एकमेकांना जोडायला घेतली, तेव्हा जुन्या बुकिंगसाठी तो क्रमांक कुठेच साठवलेला नाही हे कळलं. सहा आठवड्यांत एकदाही, एका तिकिटाचा एक रुपया या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणी परत पाठवून पाहिला नव्हता. त्या काळात बोर्डावर मात्र चार कार्डं ‘ऐंशी टक्के’ म्हणून दिमाखात उभी होती.

सन २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी ‘अजाइल’ जाहीरनामा लिहिला. त्याच्यासोबतच्या तत्त्वांमध्ये चालणारं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप मानलं आहे. टक्क्यांवर विसंबणाऱ्या टीमने हे तत्त्व भिंतीवर लावलेलं असतं, पण कार्ड फोडताना ते विसरलेलं असतं. थर पाडून फोडलेल्या कार्डाला हे माप लावताच येत नाही, कारण त्यातलं एकही कार्ड एकट्याने चालत नाही.

म्हणून काप उभा घ्यायचा. स्क्रीन, नियम, डेटाबेस, पैसे या सगळ्या थरांतून आरपार जाणारा, पण रुंदीला अगदी थोडा. रुंदी कशी कमी करायची, हेच यातलं खरं कसब. आपल्या टीमने पुन्हा बसून पहिला काप असा ठरवला: एकाच प्रवाशाचं तिकीट, यूपीआयने पैसे भरलेलं, बस सुटायला चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ बाकी. तो प्रवासी ॲपमध्ये ‘रद्द करा’ दाबतो, किती कापले जातील ते त्याला दिसतं, तो होकार देतो, तिकीट रद्द होतं, सीट मोकळी होते, आणि हिशेबनीस बाईंच्या यादीत एक ओळ येते. पैसे त्या आजवर पाठवायच्या तसेच स्वतः पाठवतात आणि ओळीवर टिक करतात.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, हे अर्धवट आहे, पैसे तर माणूसच पाठवतो आहे. पण प्रवाशाच्या बाजूने पाहा. रात्री अकरा वाजता त्याला तिकीट रद्द करायचं होतं, ते झालं. फोन करावा लागला नाही, पैसे आले. ज्या प्रवाशासाठी हा काप आहे, त्याचं काम पुरं झालं. ते आतून कुणी पुरं केलं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कंपनीचाही फायदा आहे, कारण मोकळी झालेली सीट दुसऱ्या दिवशी वहीतून ॲपमध्ये येण्याऐवजी त्याच क्षणी विकायला आली. आणि हिशेबनीस बाईंची यादी पुढे कामी येते, ते थोड्या वेळाने पाहू.

बाकीच्या तिकिटांचं काय? दोन प्रवाशांच्या तिकिटावर ‘रद्द करा’ दाबलं, तर ॲप म्हणतं, ‘या तिकिटासाठी कार्यालयात फोन करा’, आणि नंबर देतं. हे एक वाक्य कापाचाच भाग आहे. कापाबाहेर जे राहिलं, त्याची जुनी वाट चालू ठेवणं आणि ती प्रवाशाला दाखवणं, एवढं केलं नाही तर काप पातळ राहत नाही, तो फाटका होतो.

आता तपासणी. हा काप टेस्टरला कसा तपासता येईल, ते काम सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवायचं असतं. आपल्या टेस्टरने लिहिलं: साडेआठशे रुपयांचं तिकीट आहे, बस परवा रात्रीची आहे, मी ते रद्द केलं, तर दहा टक्के म्हणजे पंच्याऐंशी रुपये कापून सातशे पासष्ट परत मिळतील असं दिसलं पाहिजे, होकार दिल्यावर ती सीट दुसऱ्या फोनवर ‘उपलब्ध’ दिसली पाहिजे, आणि यादीत सातशे पासष्टची एकच ओळ आली पाहिजे. हे वाचून बसच्या मालकालाही समजतं. एखादा काप बरोबर पडला आहे का, हे ओळखायला मी हीच खूण सर्वात भरवशाची मानतो: डेव्हलपर नसलेल्या माणसाला तो पाहून ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ असं सांगता येतं का? ‘रद्द तिकिटांचं टेबल तयार करणं’ या कार्डाबद्दल असं कुणाला सांगता येणार?

त्या तपासणीतला ‘एकच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नेटवर्क मंद असलं, की माणूस बटण दोनदा दाबतो. दोन ओळी आल्या, तर एका तिकिटाचे पैसे दोनदा जातील. काप पातळ करताना नियम कमी करता येतात, प्रवाशांचे प्रकार कमी करता येतात, पैसे भरण्याच्या पद्धती कमी करता येतात. पण एकाच तिकिटाचे पैसे दोनदा न जाणं, दुसऱ्याचं तिकीट भलत्याने रद्द न करणं, आणि कुणी केव्हा काय रद्द केलं याची नोंद राहणं, या तीन गोष्टी पुढच्या कापावर ढकलता येत नाहीत. त्या प्रत्येक कापात असाव्याच लागतात. ‘सुरक्षेचं कार्ड’ वेगळं काढून शेवटी ठेवणारी टीम दिसली, की तिथे काप पडलेले नाहीत, थरच पडलेत आणि त्यांना नुसती नवी नावं दिली आहेत, असं खुशाल समजावं.

दुसरा काप कुठला, यावर टीममध्ये बरीच चर्चा झाली. एकाचं म्हणणं, वजावटीचे बाकीचे नियम घेऊ, ते सोपे आहेत. प्रॉडक्ट ओनरचा आग्रह होता, पैसे आपोआप जाण्याचा काप घेऊ. त्याचं बरोबर होतं. सोपं आधी घेतलं तर बोर्ड भरभर पुढे सरकताना दिसतो, पण ज्या गोष्टीमुळे सगळं काम अडू शकतं ती अंधारातच राहते. इथे ती गोष्ट होती गेटवे. गेटवे पैसे परत पाठवण्याची विनंती स्वीकारतो म्हणजे पैसे पोचले असं नसतं. विनंती काही काळ ‘प्रलंबित’ राहू शकते, मग ती पुरी होते किंवा अयशस्वी ठरते, आणि अंतिम उत्तर नंतर वेगळ्या निरोपाने येतं. टीममध्ये कुणीच हे आधी केलेलं नव्हतं.

म्हणून आधी एक वेगळ्या जातीचं कार्ड काढलं, ज्याला ‘स्पाइक’ म्हणतात. दोन दिवसांची मुदत, आणि शेवटी हवं आहे ते चालणारं सॉफ्टवेअर नव्हे, तर प्रश्नाचं उत्तर: गेटवेच्या चाचणीच्या सोयीत एका व्यवहाराचे पैसे परत पाठवून पाहा, काय काय माहिती द्यावी लागते ते सांगा. व्यवहार क्रमांकाचा घोळ दुसऱ्या दिवशीच उघडा पडला. नव्या बुकिंगपासून तो क्रमांक साठवायला सुरुवात झाली, आणि जुन्या बुकिंगचे पैसे हिशेबनीस बाईंच्या यादीतूनच जातील असं ठरलं. हीच ती यादी. यंत्राला जे जमत नाही, ते यादीत येऊन पडतं आणि माणूस ते पुरं करतो. गेटवेने विनंती नाकारली तरी ओळ यादीत येते. पहिल्या कापातली ती ‘अर्धवट’ सोय दुसऱ्या कापाचं सुरक्षाजाळं झाली.

तिसरा काप म्हणजे वेळेप्रमाणे बदलणारी वजावट: चोवीस ते बारा तास राहिले असतील तर पंचवीस टक्के, बारा ते चार तासांत पन्नास टक्के, त्यानंतर काहीच परत नाही. हे अगदी गणिती काम वाटलं होतं. टेस्टर सीमेवरच्या वेळा तपासायच्या म्हणून उदाहरणं लिहायला बसली: बरोबर चोवीस तास, चोवीस तासांना एक मिनिट कमी, वगैरे. मग तिने कंपनीच्या व्यवस्थापकांना फोन लावला.

“साहेब, कोल्हापूरहून शनिवारी रात्री दहाला सुटणारी मुंबईची बस साताऱ्यात रविवारी सव्वाबाराला येते. साताऱ्यात चढणाऱ्याचे तास कोल्हापूरच्या दहापासून मोजायचे की साताऱ्याच्या सव्वाबारापासून?”

“तो चढतो साताऱ्यात, तेव्हा साताऱ्यापासूनच.”

“पण तिकिटावर तारीख शनिवारची आहे. तो माणूस शनिवारी रात्री साडेअकराला रद्द करायला आला तर?”

“बस निघून गेलीय हो तेव्हा. सीट विकायची कुणाला आम्ही?” थोडा वेळ थांबून ते म्हणाले, “कोल्हापूरपासूनच मोजा. पण तसं त्याला तिकीट काढतानाच दिसू दे.”

हा प्रश्न कुठल्याही दस्तावेजात नव्हता. वहीच्या काळात हिशेबनीस बाई तो आपल्या अंदाजाने सोडवत होत्या. सगळे नियम एकाच मोठ्या कार्डात लिहिले असते, तर तो एखाद्या डेव्हलपरने स्वतःच्या अंदाजाने सोडवला असता आणि पहिली तक्रार येईपर्यंत कुणाला कळलंही नसतं. काप लहान होता, तपासणी आधी लिहिली जात होती, म्हणून प्रश्न योग्य माणसापर्यंत वेळेत पोचला. शिवाय व्यवस्थापकांच्या उत्तरातून एक नवा छोटा काप जन्माला आला: तिकीट काढताना वजावटीची वेळ दाखवणं. तो याच कापात घुसडला नाही, वेगळं कार्ड केलं.

एपिक कुठे कापावं, यावर या क्षेत्रातल्या लोकांनी बराच विचार करून ठेवला आहे. माइक कोन या प्रशिक्षकाने कापण्याच्या जागा पाच शब्दांत बसवल्या आहेत: आधी शोध घेणं, मग वापराचे वेगवेगळे मार्ग, वापरण्याची साधनं, माहितीचे प्रकार आणि नियम. आपल्या उदाहरणात या पाचही जागा सापडतात. स्पाइक हा शोध झाला. यूपीआय आधी, कार्ड आणि वॉलेट नंतर, हे मार्गांवरून कापणं झालं. आधी ॲप, मग वेबसाइट हे साधनांवरून. एक प्रवासी आधी, अनेक नंतर हे माहितीवरून. आणि एकच वजावट आधी, वेळेप्रमाणे बदलणारी नंतर, हे नियमांवरून. पाठ करायची ही यादी नाही; एपिक हातात घेऊन ‘यातलं कमी काय करता येईल?’ असं विचारत गेलं, की याच जागा आपोआप दिसू लागतात.

बोटांना ही सवय लागावी म्हणून ॲलिस्टर कॉकबर्न यांनी एक सराव बसवला आहे. वस्तूंची संख्या, किंमत आणि अमेरिकेतल्या राज्याचं नाव द्यायचं. सवलत आणि त्या राज्याचा कर धरून एकूण रक्कम दाखवणारं एक लहानसं यंत्र करायचं. हेन्रिक निबर्ग यांनी पसरवलेल्या रूपात ते आठ-आठ मिनिटांच्या पाच फेऱ्यांत पुरं करायचं असतं, आणि त्याआधी त्याचे दहा ते वीस काप पाडून दाखवायचे असतात. एवढ्याशा कामाचे वीस काप म्हटल्यावर सुरुवातीला माणसं हसतात. मग कुणी म्हणतं, आधी नुसती संख्या गुणिले किंमत, कर नाही, सवलत नाही. मग एकच राज्य. मग बाकीची राज्यं. मग एकाच रकमेवरची सवलत. एकदा हे जमलं, की ऑफिसातल्या एपिककडे बघायची नजर बदलते. नव्या माणसाला चार दिवस व्याख्यानं देण्यापेक्षा हा एक सराव करून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या बसकडे परत येऊ, कारण सर्वात अवघड काप अजून राहिला आहे. एका तिकिटावर चार प्रवासी आहेत आणि त्यांतला एकच येणार नाही. पैशाचा हिशेब फारसा कठीण नाही, कारण गेटवे मूळ रकमेतला काही भागही परत करू देतो. अवघड आहे ती सीट. आपल्याकडे बसच्या बुकिंगमध्ये एकट्या प्रवास करणाऱ्या बाईच्या शेजारची सीट बाईलाच द्यायची, अशी सोय असते. नवरा-बायकोचं तिकीट आहे आणि नवऱ्याची सीट रद्द झाली. मोकळी झालेली सीट आता सगळ्यांसाठी खुली नाही, ती महिलांसाठीची सीट झाली. म्हणजे ‘सीट मोकळी होते’ हे पहिल्या कापातलं साधं वाक्य इथे पुरत नाही. हे एपिकच्या पहिल्याच दिवशी सुचलं असतं, तर टीमने पहिला काप या गुंत्यासह घेतला असता आणि महिनाभर अडकून पडली असती. ते पाचव्या कापाला आलं, तेव्हा रद्द करणं, पैसे जाणं, यादी हे सगळं आधीच चालू होतं, प्रवासी ते वापरत होते, आणि टीमला फक्त सीटच्या नियमावर डोकं लावायचं होतं. तरीही तो काप चार दिवसांत बसेना, म्हणून तो पुन्हा दोन ठिकाणी कापला: आधी सगळे प्रवासी पुरुष किंवा सगळ्या बायका असलेलं तिकीट, मग मिश्र तिकीट. मिश्र तिकीट तोपर्यंत कार्यालयाच्या फोनवर.

पातळ करण्याच्या नादात उलटी चूकही होते. ‘रद्द करा हे बटण दाखवणं’ असं कार्ड काही टीम काढतात. ते दोन तासांत पुरं होतं, बोर्डावर ‘झालं’मध्ये जातं, पण बटण दाबलं तर काही होत नाही. हा काप नाही, तुकडा आहे. प्रत्येक कार्डाला चर्चा, तपासणी, रिलीज असा ठरावीक खर्च असतो, आणि तो दोन तासांच्या कामालाही तेवढाच लागतो. माझ्या पाहण्यात दोन ते चार दिवसांत एखाद-दोन माणसांकडून पुरा होणारा काप बहुतेक टीमना मानवतो. त्याहून मोठा झाला, की आत काहीतरी लपलेलं असतं. ते कार्डाच्या भाषेवरूनही कळतं: वाक्यात ‘आणि’, ‘किंवा’, ‘वगैरे’, ‘सर्व प्रकारचे’ असे शब्द आले, की तिथे बहुतेकदा कापण्याची जागा असते. आपल्या एपिकच्या पहिल्या वाक्यातच ‘आणि’ होतं.

चांगल्या स्टोरीची लक्षणं बिल वेक यांनी २००३ मध्ये ‘इन्व्हेस्ट’ या आद्याक्षरांत बसवली. त्यांतलं पहिलं लक्षण म्हणजे स्टोरी स्वतंत्र असावी. हे पूर्णपणे साधत नाही, आणि ते मान्य केलेलं बरं. दुसरा काप पहिल्याशिवाय होऊ शकत नव्हता. पण पहिल्या दोनांनंतरचे बहुतेक काप कुठल्याही क्रमाने घेता येत होते. वजावट आधी की अनेक प्रवासी आधी, हे कंपनीची गरज बघून ठरवता आलं. एवढं स्वातंत्र्य मिळालं तरी पुष्कळ.

आता हे सगळं मोजायचं कसं? आपल्या एपिकचे सुरुवातीला बारा काप निघाले होते. बोर्डावर चार रकाने: करायचं, चालू, तपासणी, झालं. ‘चालू’मध्ये एका वेळी दोनच कार्डं राहतील असा नियम केला. चार डेव्हलपर आणि दोनच कार्डं म्हणजे दोघं-दोघं एका कापावर, एक स्क्रीनकडून आणि एक आतून. ‘झालं’ म्हणजे टेस्टरने तपासलं, प्रवाशांच्या ॲपमध्ये गेलं, आणि निदान एकदा कुणीतरी खऱ्या तिकिटावर ते वापरलं. टक्के लिहायला जागाच ठेवली नाही. काप झाला किंवा झाला नाही.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी बारांपैकी चार झाले होते, पण एकूण चौदा झाले होते, कारण साताऱ्याच्या प्रश्नातून एक काप निघाला आणि मिश्र तिकिटाचा एक फुटला. काही व्यवस्थापकांना हे खुपतं: काम होतंय तसं वाढतंय कसं? म्हणून एकूण कापांची रेषा आणि पुऱ्या झालेल्यांची रेषा अशा दोन्ही एकाच आलेखावर काढाव्यात. वरची रेषा चढली तर कशामुळे चढली ते कार्डाच्या नावानिशी सांगता येतं. ते काम आधीही होतंच, ‘ऐंशी टक्के’ या आकड्याच्या पोटात दडलेलं होतं; आता त्याला नाव आणि जागा मिळाली. आणि दोन रेषांमधलं अंतर दोन आठवडे कमी होत नसेल, तर तारीख पुढे जाणार हे दोन महिने आधी कळतं.

बिघाडाची चाहूल बोर्डावर लवकर लागते. एकच कार्ड आठवडाभर ‘चालू’मध्ये बसलं असेल, तर ते काप नाही, लहान एपिक आहे, ते तिथेच थांबवून फोडावं. सगळी कार्डं स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत ‘तपासणी’मध्ये येऊन पडत असतील, तर टेस्टर आठवडाभर रिकामी बसली आणि नंतर रात्री जागली, म्हणजे आतून काम अजूनही थरांनीच चाललं आहे. आणि डेमोच्या दिवशी दाखवायला स्क्रीनऐवजी आकृत्या निघाल्या, तर बोर्डावर काहीही लिहिलेलं असो, त्या दोन आठवड्यांत पुरं असं काही झालेलं नाही.

प्रत्येक काम असं फुटत नाही, हेही खरं. जुना डेटाबेस बदलून नवा आणायचा असेल, तर तिथे प्रवाशाला दिसेल असा काप काढणं अवघड जातं. तरी तिथेही एका मार्गाच्या बस आधी नव्या डेटाबेसवर नेऊन पाहता येतं, आणि ते एकटं तपासता येतं. पण कायद्याने एका ठरावीक तारखेपासून सगळ्या तिकिटांना लागू होणारा नियम बदलला, तर तो निम्म्या प्रवाशांना आधी देता येत नाही. तिथे काप आतल्या आत पाडून, तपासून, बंद ठेवावे लागतात आणि त्या दिवशी एकत्र सुरू करावे लागतात. हे दुधाची तहान ताकावर भागवणं आहे, पण थरांपेक्षा बरं.

आपलं एपिक अकराव्या आठवड्यात बंद झालं. चौदांपैकी बारा काप झाले होते. उरलेले दोन म्हणजे गावोगावच्या एजंटांकडे रोखीने काढलेली तिकिटं, आणि सवलतीचं कुपन वापरून काढलेली तिकिटं. हिशेबनीस बाईंची यादी चाळली, तर अशी प्रकरणं आठवड्याला दोन-तीन निघाली. ती त्या फोनवर दहा मिनिटांत निपटत होत्या. प्रॉडक्ट ओनरने दोन्ही कार्डं बोर्डावरून काढून टाकली, आणि त्या प्रवाशांना ॲप आजही कार्यालयाचा नंबर देतं.